गोल तोंड, आखूड मान आणि हेल्मेट

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणाला कुजबुजायची तसदी नको. माझं तोंड गोल आहे. मान आखूड आहे. केस सरळसोट, राठ आणि इतके दाट की कंगव्याचे दात माझ्या डोक्यात पडतात आणि महिन्याभरानं सापडतात. पन्नाशीला आले तरी त्यांनी गळायचं नाव काढलेलं नाही. या तिन्ही गोष्टी मी जन्मताना सोबत घेऊन आले आणि आजवर कुणाचं काही बिघडवलं नाही. तरीही गेल्या पावसाळ्याच्या शेवटी दोन महिने जव्हारपासून मोखाड्यापर्यंत जो भेटेल त्यानं माझ्या डोक्यावर मत दिलं. ग्रामसभेत एवढी मतं आली असती तर पाड्यांचे रस्ते कधीच झाले असते.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. राहते जव्हारला, काम मोखाडा तालुक्यात. पोशेऱ्याच्या आसपासचे पाडे माझ्याकडे. अंगणवाडीत जायचं, सेविकेची रजिस्टरं बघायची, पोरांची वजनं नीट घेतली जातात का ते पाहायचं, दंडाला पट्टी लावून पोर अंगानं भरतंय की वाळतंय ते मापायचं. जीप मुख्य रस्त्यानं जाते आणि फाट्यावर टाकून देते, पुढे तासदीड तास पायपीट. म्हणून मी स्कूटर घेतली. ती स्कूटर म्हणजे माझे दोन जास्तीचे पाय. ती असली की दिवसात तीन पाडे होतात, नसली की एक, आणि तोही धापा टाकत.

आता भानगड अशी. माझा अंबाडा नारळाएवढा. आखूड मानेवर तो बसतो कुठे, तर मानेवरच, दुसरी जागाच नाही. त्यावर हेल्मेट घातलं की मागची कड अंबाड्यावर चढते आणि पुढची कड डोळ्यांवर उतरते. लांब मानेच्या बायकांना अंबाडा खाली सरकवता येतो. मी खाली सरकवला तर तो पाठीवर जाईल. नणंद म्हणाली, "वहिनी, वेणी घाला की." घातली. पण वेणी सुरू होते तिथेच, हेल्मेटच्या कडेला, आणि सुरुवातीलाच ती माझ्या मनगटाएवढी जाड. कड पुन्हा तिच्यावर. एका दुपारी मोखाड्याहून येताना खड्डा लागला, हेल्मेट नाकापर्यंत आलं आणि मी पूर्ण अंधारात, मोठ्या आत्मविश्वासानं, भाताच्या खाचरात गेले.

लागलं काहीच नाही. चिखल मऊ होता आणि मीही काही टणक नाही. गवत कापणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला उठवलं, आधी भाताकडे बघून हळहळला, मग माझ्याकडे.

घरी आले तेव्हा नवरा ओट्यावर वही तपासत बसला होता. तो शाळेत शिक्षक, म्हणून मी त्याला मास्तरच म्हणते. मास्तरांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत वाचलं, लाल पेनानं वाचतात तसं, आणि निकाल दिला.

"एक तर केस, नाहीतर स्कूटर. दोन्ही मिळून तू जगत नाहीस."

"कापते केस," मी म्हटलं.

त्यांना वाटलं होतं मी स्कूटर सोडेन. चेहराच पडला.

जव्हारच्या बाजारपेठेत एक पार्लर आहे. चालवणारी बाई कामाची, हाताला वेगवान, भुवया करायला दूरदूरच्या गावांहून मुली येतात तिच्याकडे. भिंतीवर सहा चेहऱ्यांचा तक्ता. लांबट, चौकोनी, बदामी वगैरे. गोल चेहरा सगळ्यांत खाली, कोपऱ्यात, 'लांब दाखवा' म्हणणारे बाण आणि 'हे नको'च्या फुल्या यांच्या गर्दीत. मी खुर्चीत बसले. तिनं माझा अंबाडा सोडला, केस दोन्ही हातांत तोलले, भाजीवाली कोबी तोलते तसे.

"मॅडम, तुमचा फेस राउंड आहे."

"हो, लहानपणापासून."

"राउंड फेसला शॉर्ट नाही चालत. गाल दिसतात."

"मग लांब ठेवा थोडे."

"लांबमध्ये नेक अजून शॉर्ट दिसणार. तुमची नेक आधीच..." तिनं दोन बोटांत जेवढी जागा ठेवून दाखवली, तेवढ्यात साबुदाणा राहिला नसता.

"बरं, ते लेयर का काय म्हणतात ते करा."

"थिक आणि स्ट्रेट ना तुमचे, लेयर उभे राहतात."

"म्हणजे मी टक्कल करू का?"

तिनं खरोखर विचार केला. तक्त्याकडे बघितलं. मग मान हलवून म्हणाली, "नको मॅडम, टक्कल केलं तर फेस अजूनच राउंड दिसेल."

बघा! म्हणजे या भूतलावर माझ्या डोक्याला परवानगी असलेला एकही प्रकार नाही. आजार असता तर दवाखान्यात निदान गोळी मिळाली असती. मला राग आला, पण तो अजून पाण्याखाली होता. तो वर आला पुढच्या वाक्याला.

"आपण असं करू या," ती मायेनं म्हणाली, "हनुवटीपर्यंत बॉब करू, बाजूचे केस पुढे आणू. गाल लपवू."

गाल लपवू! अहो, माझं आयुष्य गेलं गाल शोधण्यात. तीस वर्षं मी जव्हारकडच्या वावर गावापासून पोशेऱ्यापर्यंत पोरांच्या तोंडांकडे बघत आले आहे. कुठल्या पोराचे गाल बसले, कुठल्याचे भरत आले. एखाद्या आईनं पोर माझ्यासमोर धरावं, आणि त्याचे गाल गेल्या महिन्यापेक्षा गोल दिसावेत, तर त्या दिवशी मला जेवण गोड लागतं. या डोंगरात गोल तोंड म्हणजे घरात धान्य आहे, आईला दूध आहे, पोराला ताप नाही. आणि इथे ही बाई पंख्याखाली उभी राहून मला सांगते की ते झाका, जणू मी कुठून चोरून आणलेत.

हे सगळं मी तिला सांगितलं का? नाही. तिच्या हातात कात्री होती. मी फक्त एवढंच म्हटलं, "गालांचं राहू द्या. मला हेल्मेट घालता आलं पाहिजे. मागून मानेवर बारीक करा, एकदम बारीक."

"मागून बारीक?" तिचा हात थांबला. "ते जेन्ट्सचं काम, मॅडम. लेडीजला नाही करत मी. लोकांना वाटतं बाईला काही मोठं दुखणं झालंय."

"लोकांना मी बघते."

"मला पण बघतात ना," ती म्हणाली. तेही खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. चूक माझी तिथे झाली.

तिनं माझ्या मानेभोवती जाडजूड टॉवेल दोनदा गुंडाळला आणि वर प्लॅस्टिकचं पांघरूण आवळून बांधलं. आता आखूड मान म्हणजे आधीच थोडकी. टॉवेलनं तीही गिळली. आरशात माझं डोकं थेट टॉवेलवर ठेवलेलं दिसत होतं, देवळात कलशावर नारळ ठेवतात तसं. तिनं केस ओले केले, चपटे विंचरले आणि टॉवेलच्या काठाला धरून एका रेषेत कापले. कर्र, कर्र, कर्र. ओले असताना दिसायला बरे होते, हे मी कबूल करते. खांद्यावरून ओझं उतरलं तेव्हा तर डोळ्यांत पाणी आलं. वीस मिनिटांनी पंख्याखाली वाळले आणि टॉवेल सुटला.

दाट सरळ केस हनुवटीशी एका रेषेत कापले की ते खाली पडत नाहीत, बाजूला पसरतात. हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की माझ्या डोक्यावर कुणीतरी कणगीचं झाकण ठेवलंय. वर चपटं, खाली रुंद, आणि सगळ्यांत रुंद कुठे, तर बरोबर गालांच्या जागी. लपवायचे होते ना? दोन्ही बाजूंनी बाण काढून दाखवावेत तसे दिसत होते. मागे तर आणखी गंमत. टॉवेलचा काठ म्हणजेच मान, असं तिनं धरलं होतं. टॉवेल गेल्यावर केस मानेच्या अर्ध्यावर फळीसारखे सरळ संपले होते, आणि फळी बाहेर आलेली होती.

"फ्रेश वाटतंय," ती म्हणाली. पण माझ्याकडे न बघता, झाडू शोधत.

ऑफिसात एका सहकारिणीनं विचारलं, "मॅडम, ऊन लागतं म्हणून टोपी घातलीत का?" दुसरीनं तिला कोपर मारलं, त्यामुळे अपमान दुप्पट झाला. नणंदेनं व्हिडिओ कॉल केला, माझ्याकडे बघितलं आणि "रेंज नाहीये वाटतं" म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती. माझ्या मागच्या खिडकीतला कावळासुद्धा तिला दिसत असणार. एका अंगणवाडीत अडीच वर्षांचं पोर मला बघून सेविकेच्या पदरात शिरलं. त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही. त्याचं वजन वाढलं होतं.

पण हे सगळं चाललं असतं. खरी परीक्षा अंगणात झाली. मी हेल्मेट घातलं. मागची फळी कडेला अडकून वर सरकली, बाजूचे केस आत मावेनात म्हणून पुढे आले, अर्धे तोंडात, अर्धे डोळ्यांत. आधी हेल्मेट डोळ्यांवर यायचं, आता केसच यायला लागले. मास्तर दारात उभे राहून हे नाटक बघत होते. मी हेल्मेट काढलं. त्यांनी हात पुढे केला.

"चावी."

"अहो, मी पिना लावते."

"चावी. पुढच्या दिवाळीपर्यंत वाढू देत, मग पुन्हा अंबाडा घाल आणि जीपनं जा. जग बुडत नाही."

ती चावी त्यांच्या शर्टच्या खिशात गेली आणि तीन आठवडे तिथेच राहिली. त्या तीन आठवड्यांत मी जीपनं गेले. ड्रायव्हर आत मावणारे बारा आणि मागे लटकणारे चार जमेपर्यंत हलत नाही. आम्ही फाट्यावर उतरायचो, मग चाल. शेवटच्या टोकाचा पाडा राहायला लागला. एकदा राहिला, दुसऱ्यांदा राहिला, तिसऱ्यांदा मी वहीत त्याच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही. तिथे दोन पोरं होती ज्यांच्या दंडाची पट्टी मला स्वतः बघायची होती. माझ्या केसांच्या फळीपायी ती बघायची राहून गेली. हे वाक्य लिहितानासुद्धा माझं रक्त तापतं.

एका शनिवारी मास्तरांची शाळा सकाळची होती. दुपारी ते मला स्कूटरवर घेऊन निघाले, स्वतः चालवत, आणि दर वळणावर मला वाहन चालवण्याचे नियम सांगत. मी मागे वजनकाट्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, सासरी धाडलेल्या नवरीसारखी. पोशेऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावर पोचलो. तिथली सेविका माझ्या वीस वर्षांच्या ओळखीची, तोंडावर बोलणारी. तिनं मला बघितलं आणि पायरीवरूनच ओरडली.

"मॅडम, ह्या काय केला? कोणी कापला ह्यो?"

"जव्हारला कापला."

"पैसे घेतलं त्यानं?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मागे वळून हाक मारली. "भावजी! ओ भावजी, इकडं या जरा. बघा काय करून ठेवलाय."

भावजी म्हणजे तिचा धाकटा दीर. भाताच्या कापणीला घरी आला होता. एरवी ठाण्यात एका सलूनमध्ये केस कापतो, बायकांचे आणि पुरुषांचेही. तिशीचा असेल. हातात अजून विळा होता. तो बाजूला ठेवून, हात धुऊन तो आला आणि माझ्यापासून चार हातांवर उभा राहिला. केसांना हात लावला नाही. म्हणाला, "मॅडम, जरा चाला."

"चालू?"

"हां, तिकडं जाऊन या."

मी अंगणवाडीच्या अंगणात फेरी मारली. तोवर पाड्यातल्या बायका जमल्या होत्या. कापणीच्या दिवसांत एवढी फुकट करमणूक मिळत नाही. सेविकेची सासू खांबाला टेकून बसली. मास्तर पायरीवर बसून चहा पीत होते, निर्विकार चेहऱ्यानं.

तो माझ्या मागून, बाजूनं बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं तोंड जेवढं गोल आहे ना, त्याच्यापेक्षा केस जास्त गोल कापलेत. उगाच तोंडाला बोल लावतात."

मी जागच्या जागी उभी राहिले. दोन महिन्यांत माझ्या तोंडाची बाजू घेणारा तो पहिला माणूस.

"तुम्हाला कशाला पाहिजे कटिंग? फंक्शन है क्या कुछ?"

"हेल्मेट घालायचंय मला. स्कूटर चालवायचीय."

"तर मग ते हेल्मेट आणा. पहले वो देखते हैं."

त्यानं मला हेल्मेट घालायला लावलं, बकल लावायला लावलं, मान खाली, वर, दोन्ही बाजूंना वळवायला लावली. मग आतून पोरांचा खडू मागवला आणि हेल्मेटची मागची कड जिथे टेकत होती तिथे मानेवर एक पांढरी खूण केली. मी हजार माणसांकडून केसांबद्दल ऐकलं होतं, पण केस कशासाठी कापायचे ते कुणी विचारलं नव्हतं, आणि मोजमाप तर कुणीच घेतलं नव्हतं. मी पोरांची मापं घेऊन घेऊन म्हातारी झाले आणि माझं माप आज एका न्हाव्यानं घेतलं, खडूनं!

मला ओसरीवर छोट्या खुर्चीत बसवलं. टॉवेल नाही, फक्त सेविकेची जुनी साडी खांद्यांवर, तीही मानेपासून सैल. "टॉवेल घातला का मान कळत नाही," तो म्हणाला. केस ओलेही केले नाहीत. "वाळलेले आहेत तेच बरं. कुठं उभं राहतात ते दिसतं."

कात्री हातात घेतली. माझ्या मानेवर कंगवा टेकवला. आणि मग, वाचकहो, त्यानं माझ्या डोक्यावरून पायरीकडे बघितलं आणि विचारलं, "सर, मागून किती बारीक करू? चालेल ना?"

आणि मास्तर! मास्तर चहाचा घोट गिळून म्हणाले, "थोडेच करा. बायकांना फार बारीक बरं दिसत नाही."

मी उठले. साडीसकट. ती छोटी खुर्चीही माझ्यासोबत उठली, अडकली होती म्हणून.

"अहो मास्तर, डोकं कुणाचं आहे हे?"

"मला विचारलं म्हणून सांगितलं."

"तुम्हाला विचारलंच का? आणि विचारलं तर तुम्ही सांगितलंत का? पार्लरवाली लोकांना घाबरते, हा तुम्हाला विचारतो, तुम्ही मला विचारत नाही. मी काय पिशवी आहे का, कुणाच्या मांडीवर ठेवायची ते ठरवायला?"

बायका हसायला लागल्या. न्हावी लाजला. "ठाण्याला नाय विचारत, मॅडम. इथं गावात..." म्हणून थांबला.

सेविकेची सासू खांबाशी बसल्या बसल्या मास्तरांकडे बघत होती. मास्तरांना पुढून टक्कल आहे आणि मागून शेंडीएवढे केस. ती न्हाव्याला म्हणाली, "त्याला कशाला इचारतं रे? त्याच्या डोक्यावर हायेत काय?"

 बायकांच्या हसण्यात मास्तरांचा चहा सांडला, तो ते पुसत बसले. मी बसले आणि न्हाव्याला म्हटलं, "खडूच्या खुणेच्या वरपर्यंत. पूर्ण बारीक."

तो कापत होता आणि बोलत होता, बहुतेक सेविकेला सांगत होता, पण मी ऐकून घेतलं. मागे सरळ रेघ मारली की मान तिथेच तुटल्यासारखी दिसते. म्हणून कंगव्यावर कात्री चालवत खालून वर, बारीक करत नेले. केस खाली येता येता कमी कमी होत त्वचेत विरले पाहिजेत आणि शेवटी रुंद न राहता निमुळते झाले पाहिजेत. मग मान कुठे सुरू झाली ते डोळ्याला शोधावं लागत नाही. वस्तरा लावला नाही. बाजूचे केस कानावर अर्धे ठेवले, गालावर एकही आणला नाही.

"गालावर पडदा लावला का सगळी लोकं पडद्याकडंच बघतात," तो म्हणाला.

वरचे केस मात्र लांब ठेवले, चार बोटं भरतील एवढे. "एवढे जाड केस वर छोटे केले तर ब्रश जैसा खडा रहेगा." भांग मधून होता, तो बाजूला नेला, आणि पुढचे केस तिरके कपाळावरून एका बाजूला सोडले. त्याच्याकडे दातांची कात्री होती, केस विरळ करणारी. ती त्यानं आतल्या थरांत, केसांच्या मध्यापासून खाली चालवली, मुळाशी नाही. मी विचारलं का. म्हणाला, "मुळाशी मारली तर आठ दिवसांनी आतून कुसळासारखे वर येतील. तेव्हा तुम्ही मला शोधत ठाण्याला याल."

आरसा अंगणवाडीत होता तो पोरांच्या उंचीचा. मी स्कूटरच्या आरशात बघितलं, एका बाजूला वाकून. मी काही सुंदर झाले नव्हते. मीच होते. पण डोकं आणि खांदे यांच्यामध्ये काहीतरी होतं. आणि गाल होते तिथेच, उघडे, दोन्ही.

मास्तर उठून आले. मागून बघितलं, पुढून बघितलं. "अरे," ते खऱ्या आश्चर्यानं म्हणाले, "तुला मान आहे की!"

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. अठ्ठावीस!  हेल्मेट घातलं, बकल लावलं. कड मागे सरळ बसली, पुढे कपाळावर बसली. डोळ्यांसमोर रस्ता होता, सगळाच्या सगळा. मी त्यांच्या खिशात हात घालून चावी काढली. बायकांसमोर ते काय करणार होते? वजनकाट्याची पिशवी त्यांच्या हातात दिली.

"मागे बसा."

बसले. पिशवी मांडीवर घेऊन, अगदी व्यवस्थित.

मी घरी नेलं नाही. उजेड होता, काटा होता, स्कूटर होती. मुख्य रस्ता सोडून मी आत वळले, त्या शेवटच्या टोकाच्या पाड्याकडे. मास्तर मागून "हॉर्न! खड्डा! म्हैस!" असं पूर्ण वाटभर म्हणत होते. खड्डा मला दिसत होता. म्हशीलाही मी दिसत होते. दोघींनी समजून घेतलं.

पाड्यावरची सेविका घरी गेली होती, मी तिला बोलावून घेतलं. ती दोन्ही पोरं आणली. पट्टी लावली. थोरलं बरं होतं. धाकटं बेतानंच होतं, आणि मी तीन आठवडे आधी आले असते तर आधी कळलं असतं. त्याच्या आईशी मी सावकाश बोलले, सेविकेला लिहून दिलं, सोमवारी पुन्हा येते म्हणून सांगितलं. आणि मला माहीत होतं की सोमवारी मी येणार आहे, जीप आली न आली तरी.

निघताना ती आई माझ्याकडे एकटक बघत होती. वर फुगीर केस, बाजूंना गाल मोकळे, त्यामुळे तोंड जरा लांब दिसत असणार. जव्हारच्या त्या तक्त्यातली सगळी बाणाबाणी ज्यासाठी होती, नेमकं तेच झालं होतं. तिच्या चेहऱ्यावर काळजी पसरली.

"बाय, तू उतरलीस काय? तोंड लहान झाला तुजा. जेवतीस ना?"

"जेवते की गं! केस कापलेत फक्त!"

तिनं ऐकलं नाही. आत गेली, नाचणीची भाकरी आणि वर लाल चटणी घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली, मी पोरांसमोर उभी राहते तशी, खाऊन होईपर्यंत न हलण्याच्या तयारीनं. मास्तर पिशवीच्या आडून हसत होते. मी चिडले, भयंकर चिडले, आणि उभ्या उभ्या अख्खी भाकरी खाल्ली.